तान्ह्या बाळाला सुई आणखी खाली का? एलपी शिकतानाचा माझा अनुभव

एलपी म्हणजे लंबर पंक्चर. नातेवाइकांच्या भाषेत ‘पाठीतलं पाणी काढणं’. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव असतो, सीएसएफ, तो तपासणीसाठी कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढायचा. इंटर्नशिपमध्ये मी मोठ्या माणसाची एलपी शिकले, बालरोग विभागात रुजू झाल्यावर तान्ह्या बाळाची. दोन्ही वेळा मला थरांची यादी तोंडपाठ होती आणि दोन्ही वेळा भीती तितकीच होती. यादीचा अर्थ हाताला कळायला लागला तेव्हा ती भीती कमी झाली. आता ज्यांची पाळी आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या बाळाची एलपी करायचं ठरलंय अशा आईबाबांनाही यातलं बरंचसं कळेल.

फेब्रुवारीत मी मेडिसिनच्या वॉर्डमध्ये होते. तिशीतला एक माणूस ताप, डोकेदुखी आणि ताठ मान घेऊन दुपारी भरती झाला. एलपीचा निर्णय झाला तरी सुई लगेच हातात येत नाही. आधी शुद्ध नीट आहे ना, हातापायांत कुठे कमजोरी नाही ना, हे बघायचं. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर सूज आहे का ते बघायचं. यातलं काही असेल, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो आणि आधी डोक्याचा सीटी लागतो. मग प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या. प्लेटलेट ५०,०००च्या खाली असतील तर सहसा थांबतात, कारण मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव झाला तर तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही. हे रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली. पण अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यांची वाट बघत राहिला नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. मेंदूज्वराचा दाट संशय असेल आणि एलपीला उशीर होणार असेल, तर रक्ताचं कल्चर घेऊन औषध सुरू करायचं.

त्याला डाव्या कुशीवर, पलंगाच्या अगदी कडेला झोपवलं. गुडघे पोटाशी, पाठ बाहेर काढलेली. पाठ वाकली की मणक्यांचे मागचे काटे एकमेकांपासून दूर होतात आणि त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात. सगळी खटपट त्या फटीसाठी असते. दोन्ही खांदे आणि दोन्ही कमरेची हाडं एकावर एक सरळ उभ्या रेषेत हवीत. वरचा खांदा पुढे ढळला की पाठीचा कणा पिळला जातो, आणि मग सुई तुम्ही सरळ घातली तरी आत वाकडीच जाते.

आता जागा. कमरेच्या हाडांच्या दोन्ही बाजूंच्या सर्वांत उंच बिंदूंना जोडणारी एक रेषा मनात काढायची. तिला टफियर रेषा म्हणतात. मोठ्या माणसात ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या, म्हणजे एल ४च्या, काट्यावरून किंवा एल ४ आणि एल ५ यांच्या मधल्या फटीवरून जाते. तिथून एक फट वर मोजली की एल ३–४. मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण एल १ आणि एल २ यांच्या दरम्यान संपतो, म्हणून एल ३–४ किंवा एल ४–५ या जागा सुरक्षित.

इथे एक धोका आहे आणि तो मला सिनियर सरांनी सुई हातात देण्याआधीच सांगितला. बोटांनी चाचपून ठरवलेली फट खूपदा आपण समजतो त्याहून वरची निघते. २००० साली भूलतज्ज्ञांवर झालेल्या एका अभ्यासात एमआरआयने हे पडताळलं होतं. तज्ज्ञांनी सांगितलेली फट जेमतेम २९ टक्के वेळा बरोबर होती आणि निम्म्याहून थोड्या अधिक वेळा प्रत्यक्ष जागा एक फट वर होती. चरबीमुळे बोटं कमरेच्या हाडाच्या खऱ्या टोकाच्या वरच थांबतात, हे त्याचं एक कारण. शिवाय मज्जारज्जू सगळ्यांचा एकाच ठिकाणी संपत नाही. कुणाचा छातीच्या बाराव्या मणक्यापाशी संपतो, तर कुणाचा थेट एल ३पर्यंत उतरतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर कागदावरची एल २–३ प्रत्यक्षात मज्जारज्जूवर येऊ शकते. म्हणून मोठ्या माणसातही एल २–३ टाळायची, आणि दोन फटींमध्ये शंका असेल तर खालची घ्यायची.

त्वचा स्वच्छ केली, भूल दिली आणि ९ सेंटिमीटरची, २२ गेजची सुई घेतली. सुईचं टोक दोन काट्यांच्या मधोमध, थोडं डोक्याकडे झुकलेलं, म्हणजे साधारण बेंबीच्या रोखाने. कातरलेल्या टोकाची सुई असेल तर तिचा उतार छताकडे ठेवायचा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या सगळ्यांत बाहेरच्या आवरणाचे, ड्युराचे, उभे तंतू कापले जाण्याऐवजी बाजूला सरतात. टोक बोथट पेन्सिलसारखं असलेली सुई मिळाली तर उत्तमच, त्या सुईने नंतरची डोकेदुखी कमी होते.

पाठ केलेली यादी अशी होती: त्वचा, तिच्याखालची चरबी, सुप्रास्पायनस अस्थिबंध, इंटरस्पायनस अस्थिबंध, लिगामेंटम फ्लेवम, एपिड्यूरल जागा, ड्युरा, अरॅक्नॉइड आणि मग सीएसएफ. हाताला मात्र यातले सगळे थर सारखे लागत नाहीत. त्वचेला प्रतिकार असतो, चरबीला जवळजवळ नसतो. काट्यांच्या टोकांवरून आणि काट्यांच्या मधून जाणारे दोन अस्थिबंध सुईला घट्ट धरतात. या टप्प्यावर हात सोडला तरी सुई पडत नाही, आणि तुम्ही मध्यरेषेत आहात याची ती चांगली खूण. सुई डगमगत असेल, तर ती अस्थिबंधांच्या बाजूने स्नायूत शिरलेली असते. त्यानंतर लिगामेंटम फ्लेवम. हा पिवळसर, लवचीक तंतूंचा दाट पट्टा दोन मणक्यांच्या कमानी जोडतो, आणि सगळ्यांत जास्त प्रतिकार त्याचाच. तो भेदला की हात एकदम हलका होतो. एपिड्यूरल जागेत फक्त चरबी आणि शिरांचं जाळं असतं, त्यामुळे पुढचे काही मिलिमीटर काहीच लागत नाही. मग ड्युराचा दुसरा, बारीकसा झटका. अरॅक्नॉइड ड्युराला आतून चिकटलेलंच असतं, त्याचा वेगळा झटका येत नाही.

तिसरं आवरण, पाया मेटर, सुई ओलांडत नाही. ते मज्जारज्जूला आणि त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांना चिकटलेलं असतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, पण त्याचा खरा उपयोग सुरक्षित जागा कुठली हे समजायला होतो. सुईला अरॅक्नॉइड आणि पाया यांच्या मधल्या द्रवातच थांबायचं आहे. पाया भेदलं, याचा अर्थ सुई मज्जातंतूच्या ऊतीत गेली.

पहिल्या प्रयत्नात मला हाड लागलं. ते कुठलं हाड हे बघता येत नाही, पण ओळखता येतं. सुई त्वचेखालच्या चरबीपर्यंत मागे घ्यायची आणि मगच दिशा बदलायची, कारण अस्थिबंधात रुतलेली सुई वळत नाही, ती फक्त वाकते. टोक किंचित डोक्याकडे करून पुन्हा आत गेल्यावर हाड आधीपेक्षा खोलवर लागलं, तर तुम्ही खालच्या मणक्याच्या काट्याच्या वरच्या कडेवरून पुढे सरकताय, दिशा बरोबर आहे. हाड प्रत्येक वेळी तेवढ्याच खोलीवर लागत असेल, तर ती बहुधा कमानीची बाजू, म्हणजे तुम्ही मध्यरेषा सोडली आहे. माझ्या वेळी ते खोल जात होतं. आणखी थोडं वर वळवलं आणि साधारण ५ सेंटिमीटरवर ते दोन्ही झटके ओळीने आले. आतली तार, म्हणजे स्टायलेट, काढली आणि थेंब आला.

द्रव स्वच्छ होता. दाब मोजला, तो १८ सेंटिमीटर होता. त्या मोजणीसाठी पेशंटला पाय थोडे सैल करून शांत श्वास घ्यायला सांगायचं, कारण पोट आवळलेलं असलं की आकडा खोटा वाढतो. नमुने घेऊन झाल्यावर स्टायलेट परत आत घालून मगच सुई बाहेर काढली. तसं केलं नाही तर अरॅक्नॉइडचा एखादा तंतू सुईत अडकून छिद्रातून ओढला जाऊ शकतो आणि द्रव झिरपत राहतो. तो झिरपणंच त्या कुप्रसिद्ध डोकेदुखीचं मूळ, जी उठून बसल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर कमी होते. एलपीनंतर तासन् तास आडवं ठेवल्याने ती टळत नाही. पेशंटला मी हेच सांगितलं आणि तो जेवायला उठून बसला.

यानंतर आली ती बालरोग विभागातली जुलैची एक रात्र. बाळ १९ दिवसांचं, पूर्ण दिवसांचं जन्मलेलं. वजन ३.१ किलो, लांबी ५१ सेंटिमीटर. ताप ३८.४ आणि दुपारपासून दूध ओढत नव्हतं. या वयात मान ताठ होईलच असं नाही, टाळू फुगेलच असंही नाही. त्यामुळे एवढ्या लहान बाळाला ताप असला की रक्त, लघवी आणि सीएसएफ, तिन्ही तपासावे लागतात.

संमतीपत्र घेऊन मी बाळाच्या आईवडिलांपाशी बसले. आईने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. “मॅडम, पाठीत सुई घातल्यावर पाय लुळे तर नाही ना पडणार?”

“ताई, पाय हलवणाऱ्या मज्जातंतूंचा जो मुख्य दोर आहे तो वरच संपतो. आम्ही त्याच्या खाली सुई घालतो,” मी म्हटलं.

“पण ते आतून दिसत नाही ना तुम्हाला?” वडिलांनी विचारलं.

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्या रात्री त्याचं उत्तर दाखवता येणार होतं. आमच्या सिनियर मॅडमनी अल्ट्रासाउंडचं यंत्र खाटेपाशी आणायला सांगितलं. मोठ्या माणसात मणक्यांच्या हाडामुळे ध्वनिलहरी अडतात. नवजात बाळाच्या मणक्यांच्या मागच्या कमानी मात्र अजून बऱ्याचशा कूर्चेच्या असतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत मज्जारज्जू चक्क पडद्यावर दिसतो. प्रत्येक एलपीच्या आधी हे करत नाहीत, आणि बाळ जास्त आजारी असेल तर यंत्रासाठी थांबायचंही नसतं. पण आम्हाला भुलीच्या मलमाचा तास जाईपर्यंत थांबायचंच होतं आणि अँटिबायोटिक सुरू झालेलं होतं.

त्या आधी मॅडमनी बाळाची पाठ उजेडात नीट बघितली. नितंबांच्या खाचेच्या वर एखादा खोल खळगा, केसांचा झुपका, लाल डाग किंवा मऊ गाठ असेल, तर मज्जारज्जू खाली बांधलेला असू शकतो. अशा बाळात ‘दोर वरच संपतो’ हे माझं वाक्य खोटं ठरू शकतं. या बाळाची पाठ स्वच्छ होती.

पडद्यावर काळसर द्रवात मज्जारज्जूचा करडा पट्टा दिसत होता आणि खाली निमुळता होत जाणारं त्याचं टोक, ज्याला कोनस म्हणतात. त्याच्या खाली मुळांचा पुंजका, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारखा, नाडीच्या ठोक्याबरोबर हलकेच हलणारा. शेवटच्या बरगडीपासून मणके मोजत आलो तेव्हा टोक एल २च्या मध्यावर होतं. मी गोंधळले, कारण पुस्तकात नवजात बाळाचा मज्जारज्जू एल ३पर्यंत जातो असं वाचलं होतं.

मॅडमनी तिथेच, पडद्यावर बोट ठेवून समजावलं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू कण्याच्या पोकळीइतकाच लांब असतो, अगदी शेपटाच्या टोकापर्यंत. त्यानंतर कणा झपाट्याने वाढतो आणि मज्जारज्जू सावकाश. मज्जारज्जू वरून मेंदूला जोडलेला असल्यामुळे वर सरकल्यासारखं दिसतं ते त्याचं खालचं टोक. सहाव्या महिन्याच्या आसपास ते कमरेच्या मणक्यांखालच्या हाडाच्या, त्रिकास्थीच्या, पहिल्या मणक्यापाशी येतं, जन्माच्या वेळी एल २ किंवा एल ३च्या आसपास, आणि जन्मानंतर काही महिन्यांतच मोठ्या माणसाच्या जागेवर, म्हणजे एल १–२ला. अल्ट्रासाउंड आल्यापासून लक्षात आलं की पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांमध्ये टोक एल २ किंवा त्याच्याही वर आलेलं असतं. तरी काहींचं एल ३च्या वरच्या भागापर्यंत असतं आणि तेही नॉर्मलच. सुईची जागा सरासरी बाळासाठी ठरवत नाहीत. ज्याचं टोक सगळ्यांत खाली आहे, त्या बाळासाठी ठरवतात. म्हणून तान्ह्या बाळात एल ४–५ आधी, किंवा एल ५ आणि त्रिकास्थी यांच्या मधली फट. एल ३–४ वापरली जाते, पण तिथे हाताशी उरणारी जागा कमी. आणि एल २–३ अजिबात नाही.

मग मुळं? कमरेतून आणि त्रिकास्थीतून बाहेर पडणारे मज्जातंतू मूळच्याच दारांतून बाहेर पडतात. मज्जारज्जू वर गेला, दारं खाली राहिली, त्यामुळे ही मुळं लांब ताणली जाऊन पुंजका तयार झाला. सुई याच पुंजक्यात शिरते. मग ती मुळांना का लागत नाही? कधीकधी लागते. मोठा माणूस सांगतो की पायात वीज गेल्यासारखं झालं, आणि ज्या पायात कळ आली त्या बाजूला तुमची सुई ढळलेली असते. ती मागे घेऊन विरुद्ध दिशेने वळवायची. पण मुळं द्रवात मोकळी असतात, टोकाचा धक्का लागला की बाजूला होतात. कोनस तसा बाजूला होऊ शकत नाही. एवढ्या एका फरकासाठी मणके इतके काळजीपूर्वक मोजायचे.

मी टफियर रेषेबद्दल विचारलं. बाळात मोजायची सुरुवात कुठून? तीच रेषा चालते, पण तिचा अर्थ थोडा बदलतो. नवजात बाळाचा कमरेचा सांगाडा लहान असतो, त्यामुळे ती रेषा मोठ्या माणसापेक्षा खाली, एल ४–५वर किंवा एल ५ आणि त्रिकास्थीच्या मधे पडते. म्हणजे मोठ्यांत रेषेपासून एक फट वर जायला मुभा असते. बाळात रेषेवरच किंवा तिच्या लगतच्या फटीत थांबायचं. इंटर्नशिपची ‘रेषा शोध आणि एक फट वर जा’ ही सवय इथे मुद्दाम सोडावी लागते.

साडेदहाला सुरुवात केली. सिस्टरनी बाळाला धरलं. मला वाटतं की तान्ह्या बाळाची एलपी निम्मी धरणाऱ्याच्या हातात असते. माझ्या मनातलं चित्र मोठ्या माणसाचं होतं, हनुवटी छातीला टेकवलेली. सिस्टरनी मान मोकळी ठेवली. बाळाची मान जोरात वाकवली तर श्वासनलिका दबते आणि ऑक्सिजन घसरतो, आणि फट रुंद करण्यासाठी मानेची गरजही नसते. मांड्या वाकवल्या की पुरतं. पायाला ऑक्सिजनचा सेन्सर होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती होती. जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब दिले होते, बाळ चोखत होतं.

सुई ३.८ सेंटिमीटरची. आधी खोलीचा अंदाज घेतला. मुलांसाठी एक सोपं सूत्र आहे: लांबीला ०.०३ने गुणायचं. ५१ गुणिले ०.०३ म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर. फेब्रुवारीत मी पाच सेंटिमीटर गेले होते. इथे नखाएवढ्या अंतरात तेच सगळे थर होते. बाळाच्या कमरेचे काटे जवळपास आडवे असतात आणि कण्याला तिथे अजून बाक आलेला नसतो, म्हणून सुई डोक्याकडे फार झुकवायची नाही, जवळजवळ सरळच जायचं.

त्वचेतून जाताना स्टायलेट आतच हवी. पोकळ सुईने त्वचेचा कण आत ढकलला गेला तर वर्षांनंतर तिथे गाठ होऊ शकते, तशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यानंतर मी झटक्याची वाट बघत होते. मॅडम म्हणाल्या, “झटक्यावर विसंबू नकोस. बाळात तो येईलच असं नाही.” बाळाचं लिगामेंटम फ्लेवम पातळ आणि मऊ असतं, ड्युराही नाजूक. शिवाय सुप्रास्पायनस अस्थिबंध बहुतेकांत एल ४च्या आसपासच संपतो, त्यामुळे एल ४–५ किंवा त्याखालच्या फटीत यादीतला तो थर सुईला भेटतही नाही. एपिड्यूरल चरबी सैल, जवळजवळ पातळ जेलीसारखी असते. ज्या प्रतिकाराच्या खुणांवर मोठ्या माणसात सगळी भिस्त असते, त्या इथे पुसट असतात. म्हणून त्वचा ओलांडली की दर एक-दोन मिलिमीटरला थांबायचं, स्टायलेट काढायची आणि बघायचं. काही जण त्वचेनंतर स्टायलेट काढूनच पुढे जातात.

मी थांबत थांबत गेले. झटका मला जाणवला नाही. साधारण दीड सेंटिमीटरवर स्टायलेट काढली आणि मनात सावकाश मोजत राहिले. बाळाचा द्रव हळू येतो, लगेच आला नाही म्हणून पुढे जायचं नाही. थेंब आला, पण गुलाबी.

हे रक्त कुठून येतं, हेही थरांच्या यादीतूनच कळतं. एपिड्यूरल जागेत शिरांचं जाळं असतं. ते पोकळीच्या मागच्या भागात विरळ आणि पुढच्या भागात, मणक्याच्या मुख्य भागाच्या पाठीमागे, दाट असतं. बाळाच्या पोकळीची खोली काही मिलिमीटरच असते. सुई एवढंसं पुढे गेली की समोरच्या भिंतीला लागते आणि रक्त येतं. द्रव न येता नुसतं रक्त येऊन गोठत असेल, तर ती जागा सोडून नवी सुई घेऊन दुसऱ्या फटीत जायचं, आणि बाळात ती फट वरची नको. तसंच एकाच फटीत पुन्हा पुन्हा टोचत राहिलं तर रक्ताची गाठ ड्युराची पिशवी बाहेरून दाबून बसवते, मग तिथे द्रव मिळतच नाही. आमच्याकडे दोन प्रयत्नांनंतर हात बदलायचा असं ठरलेलं आहे.

इथे मात्र द्रव येत होता. मी सुईला हात लावला नाही. काही थेंबांत गुलाबी फिकट झालं आणि दुसऱ्या बाटलीपर्यंत जवळपास स्वच्छ. रक्त आधीपासून द्रवात असतं तर रंग सगळ्या बाटल्यांत सारखाच राहिला असता. बाळाच्या हालचालीत आणि रडण्यात दाब मोजला नाही, त्या आकड्याला अर्थ नसतो. प्रत्येक बाटलीत दहा ते वीस थेंब, द्रव आपोआप गळू द्यायचा, सिरिंजने कधीही ओढायचा नाही. कल्चर, साखर-प्रथिनं आणि पेशी अशा क्रमाने भरलं, म्हणजे पेशींची मोजणी सगळ्यांत स्वच्छ बाटलीतून झाली. स्टायलेट आत, सुई बाहेर, दाबून धरलं, छोटी पट्टी.

नंतरचं काम कागदांचं, पण तेच चुकलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. बाटल्यांवर नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ खाटेपाशीच लिहायची. साखरेची बाटली वेगळी, फ्लोराइडची. त्याच वेळचं रक्तातल्या साखरेचं मोजमाप, कारण सीएसएफची साखर रक्ताच्या साखरेशी ताडून बघतात. तीन वेगळे फॉर्म, आणि बाळाचं वय दिवसांत. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, काही जंतू थंडीत मरतात. द्रवातल्या पेशी तासाभरात विरायला लागतात, म्हणून रात्र असली तरी नमुना कुणाच्या तरी हातात देऊन थेट प्रयोगशाळेत पोचवायचा. मी स्वतः घेऊन गेले.

दीड तासाने आकडे आले. पांढऱ्या पेशी ९, प्रथिनं ७८, साखर ५२, रक्तातली साखर ८४. फेब्रुवारीतल्या माणसाचे असे आकडे असते तर मी काळजीत पडले असते, कारण मोठ्यांत पाचच्या वर पेशी आणि ४५च्या वर प्रथिनं जास्त समजतात. १९ दिवसांच्या बाळात मात्र हे सगळं त्या वयाच्या मर्यादेत आहे.

कल्चरसाठी ४८ तास थांबावं लागतं आणि तोवर अँटिबायोटिक चालूच राहतं. आईवडिलांना मी हे एलपीच्या आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे तर इंजेक्शन कशाला’ असा प्रश्न आला नाही. आई दर पाळीला बाळाचे पाय हलवून बघत होती. मी तिला अडवलं नाही, उलट कुठे बघायचं ते दाखवलं: दोन्ही पाय सारखे झाडतंय का, लंगोट ओला होतोय का, पट्टीच्या जागी सूज किंवा गळती आहे का.

सीएसएफच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढला, तापाचं मूळ तिथे होतं. इंजेक्शनची दिशा त्याप्रमाणे बदलली आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी लिहून दिली.